अर्धा किलो आमसुलाच्या नादात सावंतवाडी वारी

शिबिराच्या जाहिरातीत लिहिलं होतं, एक किलो रातांब्यातून अर्धा किलो आमसूल. त्याला भुलून मे महिन्यात मी आणि वहिनी घरचे ४० किलो रातांबे घेऊन राजापूरहून सावंतवाडीजवळच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. माणशी १८०० रुपये. त्या पैशांत घरी झाकणाचे दोन ड्रम आले असते.

तिथे पोचल्यावर कळलं, की अर्धा किलो ही ओली साल. आमच्या ४० किलोंतून साल निघाली २० किलो, आणि घरी आणून वाळवल्यावर हाती आलं साडेपाच किलो आमसूल. भाव काढायचा तर या साडेपाच किलोंवर काढा, विसावर नाही. शिबिरात हे कुणी बोललं नाही, कारण दोन दिवसांत आमसूल तयारच होत नाही. गराचा रस मिठात कालवायचा, साल त्यात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा बुडवायची. अशी तीन-चार पुटं आणि सलग आठवडाभर कडक ऊन लागतं.

पण खरा घोळ आगळाचा, म्हणजे सालीच्या खारवलेल्या रसाचा. शिकवणारे म्हणाले, "मीठ कमी घाला, चव ताजी राहते." सालीच्या किलोला १०० ग्रॅम मीठ लावून दुसऱ्या दिवशी सुटलेला रस आम्ही पाच लिटरच्या कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरला. परतीला सकाळची दिवा पॅसेंजर. डब्यात मरणाची गर्दी, कॅन पायाशी, उन्हाच्या बाजूला. कणकवली गेल्यावर वहिनी म्हणाली, "भावोजी, कॅन फुगलाय." झाकण सैल केलं तर फस्स करून फेस वर आला आणि माडीसारखा वास सुटला. समोरच्या आजोबांचं पांढरं धोतर जांभळं झालं. त्यांचे शब्द इथे लिहीत नाही.

तो आगळ आंबला होता, सगळा ओतून दिला. किलोला १५० ते २०० ग्रॅम जाडं मीठ लागतंच. साल-मिठाचे थर द्या, आठवडाभर रोज ढवळा, मगच रस काढा. ड्रम खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचा नाहीतर चिनीमातीची बरणी, अल्युमिनियम अजिबात नको, आंबट रस ते खातो. कॅन भरताना वर चार बोटं जागा सोडा आणि दोन दिवसांनी झाकण उघडून बघा. बुडबुडे दिसले तर विकायला काढू नका.

राजापूर रोड स्टेशनवर रिक्षावाल्याने सामान बघून ६०० मागितले. स्टेशन गावापासून लांब, एसटी नुकतीच गेलेली, दिले.

शिबिराला जाऊच नका. शेजारच्या आवाठातली जी बाई दरवर्षी आमसुलं घालते, तिच्याकडे आठवडाभर सकाळी जाऊन बसा. आणि रातांबे मेच्या मध्यापर्यंत उतरवा. आमच्या शेवटच्या पुटावर वळीव पडला आणि दोन सुपं सालीला बुरशी धरली.