तुम्ही विचारलंत म्हणून: इतके साक्षीदार, तरी विश्वास नाही?

"इतक्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी तुम्ही चमत्कार मानत नाही. म्हणजे कितीही साक्षीदार आणले तरी तुम्ही मानणारच नाही, असंच ना?"

असं नाही. एरवी मी बहुतेक गोष्टी साक्षीवरच मानतो. अंटार्क्टिका काही मी जाऊन पाहिलेलं नाही. पंचाईत होते ती सांगितलेली गोष्ट निसर्गाच्या आजवरच्या रीतीला सोडून असली की. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली यासाठी एक कसोटी सांगितली. साक्ष खोटी निघणं हेच सांगितलेल्या चमत्काराहून अचाट वाटेल, तेव्हाच ती मानावी. मेलेला माणूस उठून बसला असं कुणी सांगितलं, तर माणसं चुकतात, फसतात, थापा मारतात हे आपण रोज पाहतो, आणि मेलेलं कुणी उठत नाही हेही. पारडं कुठे झुकणार हे उघड आहे.

कसोटी चोख आहे, पण ती ताठरपणे लावली की फसगतही होते. १७६८ साली फ्रान्समध्ये ल्युसे गावच्या शेतावरच्या माणसांनी आकाशातून दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तो तपासला. तपासणाऱ्यांत लाव्हाझिएसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. निष्कर्ष काय, तर दगड इथलाच, त्यावर वीज पडली असावी. आकाशात दगड नसतात, तर पडतील कुठून? आणि सांगणारे कोण, तर शेतमजूर!

मग २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीत लेगलच्या परिसरात भर दुपारी मोठा गडगडाट झाला आणि दगडांचा वर्षाव झाला, सुमारे तीन हजार दगडांचा. चौकशीला ज्याँ-बातीस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ गेला. त्याने सुरुवात लांबून केली. दूरच्या गावांत आवाज कुणी ऐकला, कुठल्या दिशेने, हे विचारत तो जवळ आला. वेगवेगळ्या धंद्यांच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांच्या हकिकती त्याने ताडून पाहिल्या. भागातले जुने दगडांचे संग्रह पाहिले, धातूच्या भट्ट्यांमधली मळी पाहिली. असा दगड कुठेच नव्हता. दगड सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्या तर दहाएक किलोमीटर लांबीचा लंबगोल पट्टा निघाला. असा पट्टा अफवेतून निघत नाही. त्याच्या अहवालानंतर आकाशातून दगड पडतात, हे विज्ञानाने मानलं.

साक्षीदारांच्या संख्येपेक्षा ते एकमेकांपासून किती सुटे आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. एक साक्षीदार शंभरात एकदा चुकतो असं धरा. सहाजण खरोखर सुटे असतील, तर सहाही जण एकाच वेळी चुकण्याची शक्यता एक लाख कोटींत एक इतकी खाली जाते. इतक्या दुर्मिळ घटनेलाही ती साक्ष तोलून धरू शकते. ह्यूमने या गुणाकाराकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, असं माझं मत आहे. पण सहाही जणांनी एकाच्याच तोंडून ऐकलं असेल, किंवा सगळ्यांची नजर एकाच कारणाने फसली असेल, तर ते सहा मिळून एकच साक्षीदार.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा नेमकं हेच झालं. रांगेतले लोक खोटं बोलत नव्हते. चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. दिल्लीतल्या एका देवळात शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला, तेव्हा ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळताना दिसलं. सोंडेला टेकलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे ओढलं जातं, आणि ओल्या, पांढऱ्या दगडावर पांढरं दूध कुणाला दिसणार? त्यात सकाळीच फोनाफोनी झालेली, म्हणजे काय दिसायला हवं हे सगळ्यांना आधीच ठाऊक. लाखो साक्षीदार, पण सुटा एकही नाही. पाहिलेलं खरं होतं, "प्यायला" हा अंदाज होता.

म्हणून घटना घडली का, आणि ती कुणी घडवली, हे प्रश्न मी वेगळे ठेवतो. पहिल्याचं उत्तर साक्ष देऊ शकते, लेगलला दिलंच. दुसऱ्याचं देणं तिला जमेल असं मला वाटत नाही, कारण साक्षीदार जे दिसलं ते सांगतो. घडवणारा त्याला दिसलेला नसतो. ह्यूमही इतपत कबूल करतो. १ जानेवारी १६०० पासून सगळ्या पृथ्वीवर आठ दिवस अंधार होता, असं सगळ्या देशांच्या लेखकांनी एकमुखाने लिहिलं असतं तर ते मानावं आणि कारण शोधावं, असं तो म्हणतो. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ मरून महिन्याभराने परत राज्य करू लागली, असं सगळ्या इतिहासकारांनी लिहिलं तरी मात्र तो मानणार नाही. इथे माझं त्याच्याशी जमत नाही. बियोसारखी चौकशी झाली आणि साक्षीदार तितकेच सुटे निघाले, तर राणी परत आली हे मला मानावंच लागेल, आणि पुढचा शोध ती मेली होती का, इथून सुरू होईल.