पोदेराची पिशवी चारही बाजूंनी एकाच खांद्यावर राहावी म्हणून (माझा अनुभव)

आमच्या डिचोलीकडे मुलांसाठी एक छोटा मराठी व्हिडिओ करायचा होता, सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची गोष्ट. साधारण पन्नाशीचा माणूस, जाड पिकलेली मिशी, फिका निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाकी हाफपँट आणि सुट्ट्या पैशांची मरून कापडी पिशवी तिरकी अडकवलेली. शॉट थोडेच, पण पोदेर सगळ्यात तोच दिसायला हवा. इमेज जनरेट करायच्या टूलला तेच वर्णन अक्षर न बदलता दर वेळी दिलं तरी दर वेळी दुसराच माणूस येतो, कारण इमेज दर वेळी नव्या नॉइजमधून, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांमधून बनते आणि आपल्या चार ओळींत बसणारे चेहरे तर हजार असतात. सीड नंबर, म्हणजे ती नॉइज ठरवणारा आकडा, तोच ठेवा असं बरेच जण सांगतात, पण प्रॉम्प्टमध्ये अंगणाच्या जागी शेताचा बांध लिहिला की तोच सीडसुद्धा वेगळा माणूस देतो.

म्हणून आधी टर्नअराउंड शीट. म्हणजे तोच माणूस एका इमेजमध्ये समोरून, डाव्या बाजूने, मागून आणि उजव्या बाजूने उभा, मग पुढच्या प्रत्येक शॉटला ही शीट रेफरन्स म्हणून जोडायची. ॲनिमेशनवाले हाताने काढायचे तेव्हापासून ही पद्धत आहे.

प्रॉम्प्टचा सोपा भाग पटकन सांगते. पूर्ण अंग डोक्यापासून चपलेपर्यंत, चौघांची उंची सारखी, हात अंगापासून थोडे सुटे (त्याला ए-पोज म्हणतात, हात चिकटले तर शर्टाची बाजू आणि पिशवी झाकली जाते), चेहरा शांत, तोंड मिटलेलं, बॅकग्राउंड फिकट राखाडी, उजेड सगळीकडे सारखा. इथे "सकाळचं सोनेरी ऊन" वगैरे काव्य अजिबात नको. ते ऊन शीटमध्ये शर्टावर पडलं की टूल त्याला शर्टाचा रंगच समजतं आणि मग रात्रीच्या शॉटमध्येही एका खांद्यावर पिवळट पट्टा येतो. हसरा चेहरा पण नको, नाहीतर गिऱ्हाईक पैसे बुडवून गेलं तरी आमचा पोदेर हसतोयच.

आता ज्याने माझं डोकं फिरवलं ते. पिशवी.

पिशवीचा पट्टा उजव्या खांद्यावरून आणि पिशवी डाव्या कमरेला, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. समोरचा पोदेर बरोबर आला. पाठमोऱ्या चित्रात पिशवी पुन्हा समोरच्यासारखीच, चित्राच्या उजव्या बाजूला. वरवर बघितलं तर शीट एकदम सुंदर, चारही चित्रात पिशवी आहे, कोणीही म्हणेल झालं की काम. पण माणूस पाठ फिरवून उभा राहिला की त्याची डावी कंबर आपल्या डाव्या हाताला येते, म्हणजे पिशवी चित्रात बाजू बदलायलाच हवी. ती बदलली नाही याचा अर्थ मागचा माणूस उलट्या खांद्यावर पिशवी घेतलेला दुसराच कोणीतरी आहे. आणि दोन्ही प्रोफाइलमध्ये पण अख्खी पिशवी दिसत होती, जणू याच्याकडे दोन पिशव्या आहेत.

परत जनरेट केलं की कधी पाठ सुधारायची आणि प्रोफाइल बिघडायची, कधी दोन्ही प्रोफाइल एकाच दिशेला बघत, कधी मागच्या चित्रात पोदेराला मान वळवून आपल्याकडे बघायची हौस. आणि प्रत्येक वेळी क्रेडिट कापले जातात! चित्र चुकलं तरी पैसे तेवढेच, वर रांगेत थांबायचं ते वेगळंच. मला अजून राग आहे त्याचा. प्रॉम्प्टमध्ये "उजवा" शब्द मोठ्या अक्षरात लिहिला, दोनदा लिहिला, काही फरक नाही.

सुटका झाली ती आमच्या ड्रॉइंगच्या निवृत्त सरांमुळे. सर जत्रेच्या नाटकांची नेपथ्यं करतात. त्यांना मोबाईलवर शीट दाखवली तर म्हणाले, "अगो, तू उजवा म्हणतेस तो कोणाचा? नटाचा की प्रेक्षकाचा? रंगमंचावर आम्ही डावा-उजवा नटाचा धरतो, म्हणून नवीन पोरगा पडद्यामागून नेहमी चुकीच्या विंगेत खुर्ची ठेवतो."

मी म्हटलं, "सर, पण यंत्राला कोण सांगणार नट कुठला आणि प्रेक्षक कुठला?"

"मग त्याला दोन्ही सांगूच नको. चित्राच्या कागदाच्या कुठल्या बाजूला ते सांग."

तेवढंच केलं. पोदेराचा डावा-उजवा प्रॉम्प्टमधून पूर्ण काढला आणि प्रत्येक चित्रासाठी वेगळी ओळ लिहिली, पिशवी कागदाच्या कुठल्या बाजूला दिसते आणि कुठे दिसत नाही. माझी टूल्स इंग्रजी प्रॉम्प्ट जास्त नीट पाळतात म्हणून तो भाग इंग्रजीत होता:

```
Front: strap from shoulder on image left, bag at hip on image right.
Side A, facing image left: whole bag visible at near hip.
Back, face not visible: strap from shoulder on image right, bag at hip on image left.
Side B, facing image right: only strap visible, bag hidden behind body.
```

तिसरी ओळ बघा, पहिलीच्या बरोबर उलटी आहे. आणि ज्याचं तोंड चित्राच्या डावीकडे आहे त्याची डावी बाजू आपल्याला दिसते, म्हणून पिशवी तिथे अख्खी. पटत नसेल तर घरात कोणाला तरी तिरकी पर्स अडकवून गोल फिरायला लावा, मी वहिनीला फिरवलं, तिने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. चौथ्या ओळीत "पिशवी लपलेली" हे लिहिणं फार गरजेचं. नाहीतर टूलला वाटतं पिशवी सांगितली आहे म्हणजे दाखवलीच पाहिजे.

एवढं करूनही पहिल्या झटक्यात चारही बरोबर येतील असं नाही, पण आता चूक एकाच चित्रात राहते आणि तेवढा भाग निवडून तोच परत जनरेट करता येतो. तपासताना चेहऱ्याकडे बघू नका, चेहरा फसवतो. आधी पट्टा कुठल्या खांद्यावरून निघतो ते चारही चित्रात बोटाने धरून बघा, मग पिशवी, मग दोन्ही प्रोफाइल एकमेकांच्या उलट दिशेला बघतायत का.

कोणी विचारेल की पिशवीच काढून टाकायची होती. तसंही करता येतं, दोन्ही बाजूंनी सारखा माणूस असेल तर हा त्रास नव्वद टक्के नाहीच. पण पाठमोऱ्या शॉटमध्ये, धुक्यात बांधावरून जाताना, चेहरा दिसतच नाही आणि तिथे पोदेर ओळखू येतो तो त्या मरून पिशवीवरूनच. म्हणून एकच एकतर्फी खूण ठेवा. मी आधी शर्टाचा खिसा, हातातलं घड्याळ हे पण लिहिलं होतं, ते काढून टाकलं, प्रत्येक खुणेला परत चार ओळी कोण लिहिणार. चौकटीचा शर्टही सुरुवातीला मनात होता, पण चौकडे दर चित्रात लहान-मोठे होतात. साधा रंग टिकतो.

हां, चेहऱ्याचं राहिलं. चार पूर्ण माणसं एका इमेजमध्ये बसवली की चेहऱ्याच्या वाट्याला फार थोडी जागा येते. १०२४ पिक्सेल उंचीच्या इमेजमध्ये माणूस साधारण ९०० पिक्सेलचा, आणि डोकं उंचीच्या सातव्या हिश्शाएवढं, म्हणजे जेमतेम १३० पिक्सेल. तेवढ्यात मिशीचे केस आणि डोळ्यांच्या सुरकुत्या काय दिसणार, मग क्लोजअपच्या शॉटला टूल त्या स्वतःच्या मनाने भरतं. म्हणून चांगली शीट मिळाली की तीच रेफरन्स देऊन फक्त चेहऱ्याची दुसरी शीट करा, खांद्यापर्यंत, समोरून, तिरकी आणि बाजूने. क्लोजअपला ही जोडायची, लांबच्या शॉटला पहिली.

अजून एक, "रेफरन्स शीट" हे शब्द वाचले की टूल स्वतःहून बाण, रंगांचे चौकोन आणि भलत्याच स्पेलिंगची लेबलं काढतं. "लेबल नको" लिहिलं तर कित्येकदा जास्तच येतात, कारण नको असलेल्या गोष्टीचं नाव पण नावच असतं. त्यापेक्षा "प्रत्येक आकृतीभोवती मोकळी जागा" असं लिहा, आणि तरी आली तर क्रॉप करा, पुढच्या शॉटमध्ये पोदेराच्या डोक्यावर अर्धवट अक्षरं तरंगायला नकोत.

क्रॉपवरून आठवलं, अख्खी शीट जोडली तर पहिल्या शॉटमध्ये आमच्या गेटसमोर चार पोदेर रांगेत उभे होते. शॉटच्या प्रॉम्प्टमध्ये "या शीटमधला एकच माणूस" हे लिहावं लागतं. त्याहून बरं म्हणजे शीट कापून चार फाइली करायच्या आणि पाठमोऱ्या शॉटला पाठ, बाजूच्या शॉटला ती बाजू जोडायची. मी बांधावरच्या शॉटला फक्त पाठ आणि डावी प्रोफाइल दिली, प्रॉम्प्टमध्ये कपड्यांचं वर्णन परत तेच, शब्द न बदलता, आणि पुढे धुकं, बांध, सायकल. "फिका निळा" ला कुठे "आकाशी" केलं की शर्ट लगेच बदलतो.

सायकल, पावाची टोपली, तिच्यावरचं निळं प्लास्टिक आणि भोंगा शीटमध्ये घेतले नाहीत. सायकल धरली की ए-पोज गेली आणि अर्धा माणूस झाकला. त्यांची वेगळी शीट करायची असं ठरवलं होतं. टोपली झाली. सायकलची अडकली आहे, कारण सायकलची चेन फक्त उजव्या बाजूला असते आणि टूलने ती दोन्ही बाजूंना लावली आहे, आणि सरांनी ते चष्मा न लावता ओळखलं.