हळू आवाजातली चरचर

"मोठ्या आवाजात काही नाही हो, पण हळू लावला की तानपुरा चरचरतो," असं सांगून त्या गृहस्थांनी ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवला. तक्रार उजव्या चॅनलची. स्पीकर अदलाबदल करून पाहिले, तरी चरचर उजव्याच चॅनलमध्ये राहिली.

या एका वाक्यातच निम्मं निदान होतं. व्हॉल्यूमचा पॉट घाण झाला असेल तर तो फिरवताना खरखरतो. स्पीकरची कॉइल घासत असेल तर आवाज वाढवल्यावर त्रास वाढतो. आवाज कमी केल्यावर बिघाड वाढतो, तेव्हा माझा पहिला संशय क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनवर, म्हणजे तरंग एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना होणाऱ्या बिघाडावर जातो.

आउटपुटला सी ५२०० आणि ए १९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी होती, सप्लाय अधिक-उणे ४२ व्होल्ट. तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. बेस-एमिटरमध्ये ०.६ व्होल्टच्या आसपास मिळेपर्यंत ट्रान्झिस्टर नीट वाहत नाही. हे व्होल्टेज आधीच पुरवून ठेवणं म्हणजे बायस. तो दिलाच नाही, तर तरंग शून्य ओलांडताना दोघंही झोपलेले असतात. क्लास एबीमध्ये सिग्नल नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवतात, म्हणजे एकाने सोडण्याआधी दुसऱ्याने भार उचललेला असतो. सगळा प्रश्न हा करंट किती, एवढाच.

लोड काढला, इनपुट शॉर्ट केला, आणि दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्ये मीटर लावला. मध्ये ०.२२ ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे एकूण ०.४४ ओहम. डाव्या चॅनलवर ४३ मिलिव्होल्ट आले, म्हणजे साधारण ९८ मिलिॲम्पियर. उजव्यावर १.८ मिलिव्होल्ट, जेमतेम ४ मिलिॲम्पियर.

४ मिलिॲम्पियरने नेमकं काय बिघडतं, ते हिशोबातून दिसतं. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा एमिटरकडचा रोध साधारण २६ मिलिव्होल्ट भागिले त्यातला करंट इतका असतो. ४ मिलिॲम्पियरला तो ६.५ ओहम. त्यात ०.२२ मिळवा आणि दोन ट्रान्झिस्टर समांतर म्हणून निम्मे करा, तर शून्याजवळ आउटपुटचा रोध ३.३६ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तिथे सिग्नलचा ७० टक्केच भाग पोचतो. तरंग वर गेला, एकाच ट्रान्झिस्टरमधून २ ॲम्पियर वाहू लागले, की रोध ०.२३ ओहमवर येतो आणि ९७ टक्के भाग पोचतो. म्हणजे तरंगाच्या मध्यावरच खळगा पडतो. या खळग्याची रुंदी व्हॉल्यूमप्रमाणे बदलत नाही. मोठ्या तरंगात तो किरकोळ ठरतो, तर हळू आवाजात जवळजवळ सगळा तरंग त्याच खळग्यात असतो. तानपुऱ्याची तार छेडल्यावर विरत जाणारी आस नेमकी तिथूनच जाते.

आउटपुटची इनपुटशी तुलना करून चूक सुधारणारा फीडबॅक हे दुरुस्त करत नाही का? करतो, पण पुरतं नाही. वारंवारता वाढते तशी फीडबॅकची ताकद घटते, आणि या खळग्याला कडा असल्यामुळे त्यातून वरचे हार्मोनिक निघतात, कानाला सर्वांत टोचणारे. म्हणून ऑसिलोस्कोपवर मी १ किलोहर्ट्झवर थांबत नाही. ८ ओहमच्या डमी लोडवर १ व्होल्ट शिखराची १० किलोहर्ट्झची साइन लावली, आणि शून्यरेषेवर दोन्ही बाजूंना बारीक ठेच स्पष्ट दिसली. १ किलोहर्ट्झला तीच ठेच शोधावी लागत होती.

आता बायस कमी-जास्त करणारा बोर्डवरचा छोटा रेझिस्टर, म्हणजे प्रिसेट, फिरवला की झालं, असं वाटण्याचीच ही जागा. पण ४ मिलिॲम्पियर हा आकडा आपोआप आलेला नसतो. आउटपुट जोडी आधी कुणीतरी बदललेली होती, सोल्डर ताजं होतं. प्रिसेट पूर्ण कमी बाजूला होता. हीटसिंकवर एक रिकामं भोक दिसलं, आणि तिथे असायला हवा होता तो बीडी १३९ हा छोटा ट्रान्झिस्टर सर्किट बोर्डवर हवेत उभा होता.

हा बीडी १३९ म्हणजे बायसचा राखणदार. आउटपुट आणि त्यांना चालवणारे ड्रायव्हर मिळून चार बेस-एमिटर जोडांना लागणारे साधारण २.४ व्होल्ट तो तयार करतो. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याला लागणारं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. राखणदार हीटसिंकला चिकटलेला असला की त्यालाही ती उष्णता लागते आणि तो आपलं व्होल्टेज उतरवतो. हवेत असला तर त्याला काहीच कळत नाही. आउटपुट जोडी ३० अंशांनी तापली तर दोघांचे मिळून १२० मिलिव्होल्ट जास्तीचे होतात, आणि १०० मिलिॲम्पियरचा करंट अडीचशेवर जातो. त्याने हीटसिंक आणखी तापतो, करंट आणखी चढतो. आधीच्या कारागिराला हेच दिसलं असणार, आणि ट्रान्झिस्टर वाचवायला त्याने बायस खाली ओढला. ट्रान्झिस्टर वाचले, आवाज गेला.

म्हणून आधी बीडी १३९ परत हीटसिंकवर बसवला. त्याच्या पाठीचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो, त्यामुळे अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर लागतोच. स्क्रू आवळल्यावर कलेक्टर आणि हीटसिंकमध्ये शॉर्ट नाही ना, हे मीटरने तपासलं. जुना उघडा कार्बन प्रिसेटही बदलला. नवा मल्टिटर्न घेतला, बेस आणि एमिटर यांच्यामधल्या जागी. त्या जागी प्रिसेटचा संपर्क तुटला तर बायस कमी होतो. कलेक्टरच्या बाजूला तो तुटला तर बायस पूर्ण चढतो आणि आउटपुट जळतं.

मग मेन्समध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून, प्रिसेट सर्वांत कमी बायसवर ठेवून चालू केलं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. बल्ब काढून सावकाश ३० मिलिव्होल्टपर्यंत आणलं आणि थांबलो. थंड असतानाच पुरता आकडा लावण्याची घाई मी करत नाही. वीस मिनिटांनी ४४ वर स्थिर केलं, म्हणजे १०० मिलिॲम्पियर. हाच आकडा का? १०० मिलिॲम्पियरला ट्रान्झिस्टरचा रोध ०.२६ ओहम. त्यात ०.२२ मिळवून निम्मे केले की ०.२४. मोठ्या करंटला ०.२३ होताच. दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखा, म्हणून खळगा उरत नाही.

गृहस्थ शेजारीच बसले होते. "मग अजून थोडा वाढवा की," ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. ३०० मिलिॲम्पियर केले तर शून्याजवळचा रोध ०.१५ ओहमवर येतो. खळग्याच्या जागी उंचवटा तयार होतो. तो सौम्य असतो, तरी डिस्टॉर्शनच. शिवाय ८४ व्होल्टला ३०० मिलिॲम्पियर म्हणजे गाणं न वाजवता एका चॅनलमध्ये २५ वॅट उष्णता. १०० मिलिॲम्पियरला ती ८.४ वॅट असते.

शेवटी पूर्ण ताकदीच्या साधारण एक-तृतीयांशावर अर्धा तास चालवलं, कारण त्या सुमारास आउटपुट सर्वांत जास्त तापतं. सिग्नल बंद केल्याबरोबर ५२ मिलिव्होल्ट दिसले, आणि पाच-सहा मिनिटांत ४५ वर उतरले. बीडी १३९ ला उष्णता लागते आहे, याची खूण म्हणजे ही उतरण. १० किलोहर्ट्झच्या साइनवरची ठेच गेली होती. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: "एमिटर ते एमिटर ४४ मिलिव्होल्ट, गरम झाल्यावर. बीडी १३९ हीटसिंकवरून काढू नये."