एकाच द्रावणाच्या दोन नॉर्मॅलिटी

सदाशिव पेठेतल्या आपल्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी सममूल्यभारांचे कोष्टक कधीही पाठ करू दिले नाही. कोणी सममूल्यभार विचारला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "कोणत्या अभिक्रियेतला?" या एका प्रश्नामुळे अनुमापनाची गणिते मला खऱ्या अर्थाने कळली, म्हणून त्याविषयीच लिहितो.

घोटाळ्याचे मूळ ऑक्झॅलिक आम्लात आहे, असे ते म्हणत. त्याचा एक रेणू अल्कलीला दोन हायड्रोजन आयन देतो आणि परमँगनेटला दोन इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे स्फटिकरूप आम्लाचा रेणुभार 126 असताना सममूल्यभार दोन्हीकडे 63 येतो आणि हा आकडा त्या पदार्थाचा कायमचा गुणधर्म आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो दूर करण्यासाठी सर पोटॅशियम टेट्राऑक्झॅलेट घेत. त्याचे सूत्र KHC2O4·H2C2O4·2H2O आणि रेणुभार 254.2. यात उदासीन होऊ शकणारे हायड्रोजन तीन आहेत, परंतु ऑक्झॅलेटचे गट दोन असल्यामुळे ऑक्सिडीकरणात चार इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणजे अल्कलीसमोर सममूल्यभार 84.7 आणि परमँगनेटसमोर 63.55.

या मिठाचे 2.542 ग्रॅम पाण्यात विरघळवून द्रावण 250 मिलि केले की त्याची मोलॅरिटी 0.04 होते. पिपेटने घेतलेल्या 25 मिलिमध्ये बरोबर एक मिलिमोल मीठ येते. फिनॉल्फ्थॅलिन घालून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले तर ब्युरेट 30 मिलि दाखवते, कारण तीन मिलिसममूल्यांना तीनच हवीत. तेवढेच द्रावण विरल गंधकाम्ल घालून, सुमारे 60 ते 70 अंश सेल्सियसपर्यंत तापवून 0.1 नॉर्मल परमँगनेटने अनुमापित केले तर 40 मिलि लागतात. बाटली एकच, पण पहिल्या कामासाठी तिची नॉर्मॅलिटी 0.12 आणि दुसऱ्यासाठी 0.16. पहिली किंमत दुसऱ्या गणितात घातली, तर परमँगनेटची नॉर्मॅलिटी 0.1 ऐवजी 0.075 निघते आणि त्यापुढचे प्रत्येक उत्तर चुकते. N₁V₁ = N₂V₂ हे सूत्र दोन्ही बाजूंची सममूल्ये समान आहेत एवढेच सांगते; ती मोजायची कशी, हे अभिक्रियाच ठरवते.

हीच गोष्ट परमँगनेटलाही लागू आहे, आणि तिथे ती डोळ्यांना दिसते. पुरेशा आम्लात मँगॅनीज +7 वरून +2 वर येते, पाच इलेक्ट्रॉन घेते, आणि 0.02 मोलर द्रावण 0.1 नॉर्मल ठरते. आम्ल कमी पडले किंवा ब्युरेटची तोटी घाईने सोडली, तर शंकुपात्रात तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगॅनीज डायऑक्साइडचा असतो. तिथे तीनच इलेक्ट्रॉन घेतले जातात आणि त्या अभिक्रियेपुरते तेच द्रावण 0.06 नॉर्मल होते. काही परमँगनेट एका मार्गाने आणि काही दुसऱ्या मार्गाने गेल्यावर कोणतीही एक नॉर्मॅलिटी लागू पडत नाही, म्हणून ते पात्र ओतून देऊन नव्याने सुरुवात करावी, असा सरांचा दंडक होता. सुरुवातीचे थेंब सावकाश रंग सोडतात, त्याने घाबरू नये. तयार होणारे Mn²⁺ आयनच पुढे अभिक्रियेचा वेग वाढवतात. गंधकाम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते आणि वाचन वाढते.

मला सर्वांत सुंदर वाटलेले गणित मिश्रणाचे. ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रोजन ऑक्झॅलेट यांच्या द्रावणाच्या 25 मिलिला 0.1 नॉर्मल अल्कली 22 मिलि आणि 0.1 नॉर्मल परमँगनेट 28 मिलि लागते. आम्लाचे x आणि मिठाचे y मिलिमोल धरले, तर अल्कली 2x + y = 2.2 सांगते आणि परमँगनेट 2x + 2y = 2.8. दोन वाचनांतला फरक म्हणजेच मीठ : y 0.6, म्हणून x 0.8. दोन्ही वाचने सारखी आली तर द्रावणात मीठ नाही. परमँगनेटचे वाचन अल्कलीपेक्षा कमी आले, तर समीकरणे सोडवत बसू नये. अनुमापनात चूक नसेल, तर द्रावणात ऑक्सिडीकरण न होणारे आणखी एखादे आम्ल आहे आणि आधी त्याचा शोध घ्यायला हवा.