शेड डायरी : दहा बाय बारामध्ये शंभर पक्षी का बसले नाहीत, आणि नव्या शेडचं गणित

काल कोंबड्यांच्या नव्या शेडच्या पायाची चुन्याची फक्की मारून झाली. मिस्त्री दोरी ताणत असताना आबा बांधावर उभे राहून म्हणाले, "मागल्या खेपेलाही तू असाच हिशेब मांडला होता भो." टोमणा बरोबर होता. म्हणून आधी मागच्या शेडची चूक लिहितो, मग या वेळचं माप.

अमळनेरच्या बाजूला आमचं खळं आहे. तिथे गेल्या हिवाळ्यात मी १० बाय १२ फुटांची शेड बांधली. "एका पक्ष्याला एक चौरस फूट" हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं माप धरलं. १२० चौरस फुटांत शंभर पक्षी आरामात मावतील, वर वीस फूट उरतील, असा विचार करून जानेवारीत सुधारित गावरानची १०० पिल्लं आणली, नर-मादी मिश्र.

पहिला घोटाळा मापातच होता. १० बाय १२ हे मिस्त्रीचं माप, म्हणजे बाहेरून बाहेर. भिंत नऊ इंची, त्यामुळे आत उरले साडेआठ बाय साडेदहा, म्हणजे ८९ चौरस फूट. त्यातले नऊ फूट कोपऱ्यातल्या खाद्याच्या गोण्यांनी आणि पाण्याच्या ड्रमने खाल्ले. पक्ष्यांना उरले ८०. कागदावरचे १२० फूट आणि पक्ष्यांच्या पायाखालचे ८० फूट यांतला तिसऱ्या हिश्श्याचा फरक शेड भरल्यावर माझ्या लक्षात आला.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. एक चौरस फूट हे माप ब्रॉयलरचं आहे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो आणि विकला जातो. आमची कोंबडी वजनाने त्याच्याएवढीच भरते, मग तिला दुप्पट-अडीचपट जागा कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण हे माप कोंबडीच्या अंगाचं नसतं. खालची गादी, म्हणजे तूस किंवा भुईमुगाची टरफलं, रोजची विष्ठा आणि सांडलेलं पाणी किती सुकवू शकते, त्याचं ते माप आहे. ब्रॉयलरची गादी दीड महिन्याने निघते. अंड्यावरची कोंबडी त्याच गादीवर वर्षभर राहते, उकरते, भांडते, आणि दबलेल्या कोंबडीला पळायला कोपरा लागतो. म्हणून गादीवर अंड्याच्या कोंबडीला दोन ते अडीच चौरस फूट धरतात, वाढत्या वयात दीडच्या आसपास, आणि पिल्लांना सुरुवातीला अर्धा फूटही पुरतो.

एप्रिलपर्यंत मला काहीच जाणवलं नाही, कारण पिल्लं लहान होती. आखाजीच्या सुमारास पहाटे दार उघडलं की डोळे चुरचुरायला लागले. तो अमोनिया. मूठभर गादी दाबून पाहिली तर लाडू वळला आणि मूठ उघडली तरी फुटला नाही. चांगली गादी मुठीतून सुटून पडायला हवी. पाण्याच्या भांड्यांभोवती तर चपात्यांसारखे थर झाले होते, ते फावड्याने उचलावे लागले. पाठोपाठ शेपटीजवळची पिसं उपटलेले पक्षी दिसायला लागले. मी आधी खाद्यालाच दोष दिला.

मग मे आला. आपल्याकडचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पक्षी सोळा आठवड्यांचे झालेले, ९४ जिवंत, म्हणजे एकेकाला ०.८५ फूट. व्यापारी भाव पाडून मागत होता म्हणून नर मी अडवून ठेवले होते. दुपारी तीन वाजता सगळे चोच वासून धापा टाकत एकमेकांना चिकटून बसलेले. पक्ष्याला पंख फाकवायला जागा नसेल तर अंगातली गरमी बाहेर पडत नाही, आणि शेजारच्याची गरमी वर लागते. दोन दुपारींत सात पक्षी गेले. तिसऱ्या दिवशी मिळेल त्या भावाने नर काढले आणि आठवड्याभरात वासही कमी झाला. खाद्य तेच होतं.

आता नव्या शेडचा हिशेब. या वेळी "किती पिल्लं आणायची" यावरून जागा काढली नाही. वर्षातला सर्वांत दाटीचा आठवडा शोधला.

आणायची आहेत १२० पिल्लं. मर वजा जाता ११२ धरली, अर्धे नर, अर्ध्या माद्या. दोन प्रसंग तपासले. एक, नर विकण्याच्या आदला आठवडा: ११२ पक्षी गुणिले दीड, म्हणजे १६८ चौरस फूट. दुसरा, अंडी सुरू झाल्यावर: ५६ माद्या आणि ६ नर मिळून ६२, गुणिले अडीच, म्हणजे १५५. मला वाटलं होतं अंड्याचा काळच मोठा निघेल, पण नरांचा आठवडा भारी पडला. म्हणून आतून रुंदी १० फूट, पक्ष्यांसाठी लांबी १७ फूट, एकूण १७० चौरस फूट. त्यापुढे ४ फुटांची जाळीने तोडलेली खोली, खाद्य आणि ड्रमसाठी. आतून एकूण १० बाय २१. बाजूची भिंत साडेचार इंची, दीड फूट उंच, वर जाळी. मिस्त्रीला बाहेरचं माप १० फूट ९ इंच बाय २१ फूट ९ इंच असं लिहूनच दिलं आणि फक्की मारल्यावर आतल्या बाजूने टेप लावून पाहिला. अंड्यांची खोकी भिंतीला दीड फुटावर टांगणार आहे, खालून कोंबड्या फिरतात, त्यामुळे ती जागा वजा केली नाही. जमिनीवर ठेवली असती तर वजा करावी लागली असती. लांबी पूर्व-पश्चिम, उन्हाची तिरीप आत नको म्हणून.

वेळही बदलली. जुन्या शेडमध्ये आता ३० कोंबड्या आहेत. ८० भागिले अडीच म्हणजे बत्तीस, तेवढीच तिची खरी ताकद होती. या कोंबड्या आखाडात विकेन, श्रावण लागला की गिऱ्हाईक आटतं. मग गादी काढून, चुना मारून शेड दोन आठवडे रिकामी. ऑगस्टच्या सुरुवातीला पिल्लं तिथेच उतरतील. ८० फुटांत १२० पिल्लं, म्हणजे एकेकाला ०.६७, सहा आठवडे निभतं. सप्टेंबरच्या मध्याला नव्या शेडमध्ये. सोळा आठवडे नोव्हेंबरच्या शेवटी भरतात, म्हणजे दाटीचा आठवडा थंडीत येतो आणि दिवाळीनंतर नरांना मागणीही असते. मे उजाडेल तेव्हा १७० फुटांत ६२ पक्षी असतील, पावणेतीन फुटांच्या जवळ.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. पुढच्या वर्षी जुन्या शेडमध्ये पिल्लं वाढवताना नव्या शेडमधल्या कोंबड्या अजून अंड्यावर असतील. दोन शेडमध्ये चाळीस फूट अंतर आहे, चपला आणि बादल्या वेगळ्या ठेवणार. पण पिल्लं सहा आठवड्यांची झाली की त्यांना जायला जागाच नाही. म्हणजे कोंबड्या जायच्या तारखेच्या सहा आठवडे आधीच पिल्लांची नोंदणी करायची, त्याआधी नाही. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. आबांनी ती वाचली आणि नुसतं "हं" केलं.

उद्या पाया खोदायला सुरुवात. पाऊस थांबला तर.