सळईचा शिल्लक माल आणि ५४ हजारांचा फरक

परभणीत आमचं लोखंडाचं दुकान आहे, दादाच्या आणि माझ्या भागीदारीत. सळई बहुतेक जालन्याहून येते. टॅलीत हिशेब सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच मार्चअखेरीला मुनीमकाकांच्या वहीतला शिल्लक माल आणि टॅलीतला आकडा जुळेना. टनेज तंतोतंत तेच, रक्कम मात्र वेगळी.

१२ एमएम सळईचंच बघा. वर्षाच्या सुरुवातीला १० टन होती, ४८ हजार भावाची. ऑगस्टमध्ये २० टन आली ५२ हजारांनी, फेब्रुवारीत १० टन ५८ हजारांनी. विकली २८ टन, उरली १२. काका आधी आलेला माल आधी गेला असं धरतात, म्हणजे फिफो. त्यामुळे उरलेल्यातले १० टन ५८ हजारांचे, २ टन ५२ हजारांचे, एकूण ६,८४,०००. टॅलीने वर्षाची भारित सरासरी काढली: २१ लाखांचा ४० टन माल, म्हणजे टनाला ५२,५००. त्या भावाने १२ टनांचे ६,३०,०००.

फरक ५४ हजारांचा. शिल्लक जेवढी कमी दिसेल तेवढा नफा कमी दिसतो. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे या एकाच साइजमागे १६,८४८ रुपये. दादा लगेच म्हणाला, "सरासरीच ठेवू की मग!" वर त्याचा मुद्दा असा, की यार्डात नवी सळई जुन्यावरच पडते आणि गिऱ्हाइकाला वरचीच जाते, मग फिफो कसलं?

सीए साहेबांनी दोन्ही मुद्दे निकाली काढले. थप्पीतली कुठली सळई गेली याला महत्त्व नाही, किंमत कोणत्या क्रमाने धरली ते महत्त्वाचं. आणि शेवटी आलेला आधी गेला, ही पद्धत आयसीडीएस-२ मध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या किमतीबाबतच्या प्राप्तिकराच्या नियमांत, चालतच नाही. फिफो किंवा भारित सरासरी, दोन्ही चालतात. पण धरलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही. आमच्या टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मात दरवर्षी फिफो लिहिलं जातं. शिवाय गेल्या वर्षीची अखेरची शिल्लक हीच यंदाची सुरुवातीची. यंदा वाचवलेला कर माल विकला की पुढच्या वर्षी भरावाच लागतो. दादाचा उत्साह तिथेच मावळला.

मग टॅलीत प्रत्येक आयटम उघडून `Costing method` मधलं `Avg. Cost` बदलून `FIFO` केलं. साइज बऱ्याच, त्यामुळे कंटाळवाणं काम. एखादा आयटम सुटला तर एकूण आकड्यात कळत नाही, म्हणून काकांच्या वहीशी साइजवार ताळा घेतला.

एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींच्या वर आहे: खरेदी किंमत आणि विकून हाती पडणारी रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची. ३१ मार्चला विक्रीखर्च वजा जाता टनाला ५० हजारच सुटणार असते, तर फिफो असो वा सरासरी, आमचे १२ टन ६ लाखांवरच आले असते.