डायलिसिसची वेळ बदलताना: सकाळच्या शिफ्टमधल्या काकांचा अनुभव

मी एका डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे आणि वेळापत्रक लावायचं कामही माझ्याकडेच आहे. आमच्या तीन शिफ्ट असतात: सकाळी 6 ते 10, मग 11 ते 3 आणि शेवटची दुपारी 4 ते रात्री 8. मधला तास मशीन निर्जंतुक करण्यात आणि पुढच्या पेशंटसाठी लावण्यात जातो. सकाळची एक मशीन कायमची बंद करावी लागली, म्हणून त्या शिफ्टमधल्या एका पेशंटला दुसरी वेळ द्यायची होती. दुपारची शिफ्ट भरलेली होती. जागा होती ती फक्त संध्याकाळी.

बाहेरून बघणाऱ्याला हे फार तर एका फोनचं काम वाटतं. पण ज्याचं आयुष्य सोमवार, बुधवार, शुक्रवार असं बांधलेलं असतं, त्याची वेळ हलवली की घरातल्या सगळ्यांचंच घड्याळ हलतं.

कोणाला विचारायचं हे आधी ठरवलं. शेवटी आला त्याला हलवा, हा सोपा नियम मला पटत नाही. सकाळच्या पेशंटपैकी एकाची नोकरी होती आणि एकजण लांबून ठरावीक बसने यायचे. एका ताईंचं बीपी मशीनवर वारंवार पडायचं, त्यांना डॉक्टर हजर असतानाच घेणं बरं. उरले ते एक काका. घर जवळ, तब्येत स्थिर, डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, म्हणजे फिस्टुला, चांगला चालणारा. कागदावर तेच योग्य दिसत होते. अडचण एकच होती. त्यांचा मुलगा कामावर जाता जाता त्यांना सोडायचा आणि दुपारी चारला तो घरी नसायचा.

घरच्यांना फोन करण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना, म्हणजे नेफ्रोलॉजिस्टना विचारलं. दोन गोष्टींवर त्यांचा निर्णय हवा होता.

पहिली, बदल कुठल्या वारापासून करायचा. काकांचं शुक्रवारचं डायलिसिस सकाळी 10 ला संपतं आणि सोमवारचं 6 ला सुरू होतं, म्हणजे मध्ये 68 तास. आठवड्यातलं हे सगळ्यात मोठं अंतर. याच काळात अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि धोकाही याच्याच शेवटी जास्त असतो. नवी वेळ सोमवारपासून लावली असती तर हे अंतर 78 तासांवर गेलं असतं. बुधवारपासून लावली तर सोमवारी सकाळी 10 ते बुधवारी दुपारी 4, म्हणजे 54 तास. नेहमीच्या 44 पेक्षा दहा जास्त, पण शनिवार-रविवारच्या अंतरापेक्षा बरंच कमी. डॉक्टरांनी बुधवार मान्य केला. कॅलेंडरवर सोमवार टापटीप दिसतो म्हणून ऑफिसातले सगळे ‘सोमवारपासून’ म्हणतात, त्यांना दर वेळी हे आकडे मांडून दाखवावे लागतात.

वार बदलायचे असते, म्हणजे सोमवार-बुधवार-शुक्रवारवरून मंगळवार-गुरुवार-शनिवारवर जायचं असतं, तर गोष्ट आणखी अवघड झाली असती. शुक्रवारनंतर थेट मंगळवार म्हणजे चार दिवसांचं अंतर. तसं करून चालत नाही. त्या एका आठवड्यात जादा सेशन घालावं लागतं. उदाहरणार्थ सोमवारी आणि लगेच मंगळवारी, मग गुरुवार, शनिवार.

दुसरी गोष्ट बीपीच्या गोळीची. काका सकाळची गोळी डायलिसिस करून घरी गेल्यावर घ्यायचे. वेळ चारची झाली की तीच सकाळची गोळी डायलिसिसच्या आधी पोटात जाणार, आणि मशीनवर पाणी काढायला लागलं की बीपी पडणार. डॉक्टरांनी डायलिसिसच्या दिवशी ती रात्री घ्यायला सांगितली आणि फाइलमध्ये तसं लिहून सही केली. हे प्रत्येकाचं वेगळं असतं. गोळी हलवायची की नाही हे डॉक्टरच सांगणार, मी नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच.

मग फोन केला. असा बदल मी आधी मेसेजने कळवत नाही. काकूंनी फोन उचलला, स्पीकरवर टाकला. नमस्कार झाल्यावर पहिलं वाक्य मी हेच म्हटलं, ‘काका, तुमचं डायलिसिस आहे तसंच राहणार आहे, आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. फक्त वेळेबद्दल बोलायचंय.’ तरीही त्यांचा पहिला प्रश्न आला, ‘एक सेशन कमी तर करत नाही ना?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, म्हणूनच उत्तर आधी द्यावं लागतं.

दुसरा प्रश्न, ‘मीच का?’ दुसऱ्या पेशंटची माहिती तर देता येत नाही. मी सांगितलं, सकाळची एक मशीन बंद झाली आहे, आणि घर जवळ, तब्येत स्थिर असं बघून आम्ही तुम्हाला विचारतोय. तुमची काही तक्रार होती म्हणून नाही, तुम्ही काही चुकलात म्हणूनही नाही. आणि अजिबात जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा मार्ग बघते. नुसतं म्हणायचं म्हणून मी हे म्हणत नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर पुढचा फोन कोणाला करायचा हे माझ्याकडे लिहिलेलं होतं.

काका म्हणाले, वेळेचं काही नाही, पण येऊ कसा? मुलगा तर रात्री आठनंतरच मोकळा होतो.

इथे बहुतेक घरं उलटं ठरवतात. मुलाने अर्धी रजा टाकून नेऊन सोडायचं आणि परत येताना गाडी करून एकट्याने यायचं. मी काकूंना म्हटलं, जाताना भाड्याची गाडी करा, येताना मुलाला बोलवा. माणूस मशीनवरून उठतो तेव्हा थकलेला असतो. उभं राहिल्यावर बीपी पडून चक्कर येऊ शकते, सुईच्या जागेतून पुन्हा रक्त येऊ शकतं. सोबतीची खरी गरज परतीला असते. स्वतः गाडी चालवत घरी जाणं तर नकोच. जाताना दम लागत असेल, पायांत जोर वाटत नसेल किंवा छाती धडधडत असेल, तर चार वाजायची वाट बघायची नाही, गाडीची तर नाहीच. लगेच आम्हाला फोन करायचा आणि त्रास जास्त असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवायची.

मुलगा आठनंतर मोकळा होणं उलट सोयीचंच पडलं, कारण 8 ला मशीन थांबते, पेशंट सुटत नाही. सुया काढून त्या जागा दाबून धरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग वजन, मग बसून आणि उभं राहून बीपी. पाऊण तास सहज जातो. गाडीवाल्याला 8 ची वेळ दिली की तो खाली हॉर्न वाजवत बसतो आणि वर पेशंट घाईने उठायला बघतो. ते होऊ नये म्हणून आम्ही परतीची वेळ पावणेनऊ सांगतो.

फोन संपवण्याआधी काकूंना विचारलं, ‘आता तुम्ही मला सांगा, बुधवारी काय काय करायचं?’ त्या म्हणाल्या, ‘चारला घरातून निघायचं.’ मी सांगताना ‘चारची वेळ’ म्हटलं होतं, आणि घरी बसलेल्या माणसाला चारची वेळ म्हणजे निघायची वेळ वाटणं साहजिक आहे. म्हणून मेसेजमध्ये प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी लिहिली. त्याच संध्याकाळी पाठवलेला मेसेज असा होता:

‘नमस्कार काका. फोनवर बोलल्याप्रमाणे बुधवार, 12 तारखेपासून तुमच्या डायलिसिसची वेळ दुपारी 4 ते रात्री 8 अशी राहील. वार तेच: सोमवार, बुधवार, शुक्रवार. तास तेवढेच: चार. सोमवार, 10 तारखेला मात्र नेहमीप्रमाणे सकाळी 6 लाच यायचं आहे.

घरातून दुपारी 3 ला निघा, सेंटरवर साडेतीनला पोहोचा. गाडी मुख्य दाराशी थांबवा, तिथून व्हीलचेअर मिळेल. परतीची गाडी रात्री पावणेनऊला त्याच दाराशी बोलवा. परत जाताना सोबत कोणीतरी हवं. सकाळची ठरलेली गाडी असेल तर 12 तारखेपासून ती बंद करायला सांगा.

गाडी आली नाही किंवा उशीर होतोय असं वाटलं, तर 3 वाजून 10 मिनिटांपर्यंत आम्हाला फोन करा. येऊ शकला नाहीत तर त्याच दिवशी कळवा, आम्ही लवकरात लवकर दुसरी वेळ देऊ. शुक्रवारची वाट बघू नका. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी वेगळ्या लिहून दिल्या आहेत, तो कागद सोमवारी मिळेल.’

ठरलेल्या गाडीचं वाक्य मागच्या अनुभवातून आलं आहे. एका आजींची वेळ बदलली होती, पण महिन्याच्या हिशोबाने ठरवलेला गाडीवाला पहाटे पाचला दारात उभा राहिला आणि दुपारी आलाच नाही. त्या दिवशी आजी तासभर उशिरा पोहोचल्या. शेवटच्या शिफ्टला उशीर झाला की तास वाढवून देणं कठीण असतं. चारऐवजी तीनच तास मिळाले, तर जे पाणी निघायचं राहतं ते पुढच्या वेळेपर्यंत अंगातच राहतं.

बुधवारी काका साडेतीनला आले. त्या दिवशी दहा तास जास्त म्हणून वजन नेहमीपेक्षा थोडं वाढलेलं होतं. डॉक्टरांना ते अपेक्षित होतं, आणि पाणी किती काढायचं हे त्यांनी सकाळीच बघून ठेवलं होतं. शेवटी सुया काढल्या तेव्हा वरच्या सुईच्या जागेतलं रक्त लवकर थांबेना. काकूंना तिथेच दाखवलं: गॉझ ठेवून दोन बोटांनी दाबायचं, एकसारखं, सारखं उचलून बघायचं नाही. रस्त्यात रक्त आलं तर हेच करायचं. थांबलं नाही तर दाब न सोडता माघारी फिरायचं. गाडीत पट्टा किंवा पिशवी त्या हातावर येऊ द्यायची नाही, हेही मुलाला सांगितलं. तो वेळेवर दाराशी आला होता.

पहिले काही दिवस काकांना संध्याकाळ आवडली नाही. सकाळी उठून करायचं काय, असं म्हणायचे. त्यांचं नाव मी सकाळच्या यादीत पहिलं लिहून ठेवलंय आणि तारखेसह त्यांना दाखवलंय. जागा झाली की परत आणणं तुलनेने सोपं आहे, कारण तेव्हा अंतर वाढत नाही, उलट कमी होतं. सोमवारी रात्री 8 ते बुधवारी सकाळी 6 म्हणजे 34 तास, फक्त त्या दिवशी पाणी कमी काढायचं असतं. गोळीचा कागद मात्र तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागेल, आणि ही नोंद त्यांच्या नावापुढेच आहे.